व्हीपीएन चालू असताना कॅप्चा सुटत का नाही: मागची गोष्ट

वाकडीतिकडी अक्षरं ओळखा नि आत जा, हा जमाना कधीच गेला. २०१४ च्या शेवटी "मी रोबोट नाही"वाली चौकट आली, आणि २०१८ पासून बऱ्याच साइटी काही न विचारता, तुम्ही माणूस वाटता की रोबोट याचे मागच्या मागे ० ते १ मध्ये गुण द्यायला लागल्या. त्यामुळे तुम्ही उत्तर काय देता यापेक्षा तुम्ही कुठून येता हे जास्त बघितलं जातं, आणि व्हीपीएनचा आयपी घरच्या ब्रॉडबँडचा नसून डेटासेंटरचा असतो, वर त्याच आयपीवरून असंख्य अनोळखी लोक, त्यात स्पॅमवालेही, हिंडत असतात.

आपल्याकडे खरा घोळ झाला तो २०२२ मध्ये. एप्रिलमध्ये केंद्रातल्या सायबर यंत्रणेने आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे ५ वर्षं जपून ठेवायचं. गुन्हे शोधायला हे लागतं असं सरकारचं म्हणणं, पण नोंदी ठेवत नाही याच बोलीवर धंदा करणाऱ्यांना ते कसं परवडणार? बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी सर्व्हर इथून उचलले आणि सिंगापूर, लंडनला बसवून त्यांना भारतीय आयपी दिले. गुन्हेगार किती सापडले असतील ते असतील, साध्या माणसाला मात्र ताप झाला.

बडोद्याच्या दांडिया बाजारातला एक ओळखीचा मुलगा पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करतो आणि स्वतःचा व्हीपीएन "इंडिया" वर ठेवतो. त्याला एक सरकारी पोर्टल सरळ 403, म्हणजे आत यायला मनाई, असं दाखवायचं. आयपी बघायच्या दोन साइटी उघडल्या तर एक म्हणाली मुंबई, दुसरी म्हणाली सिंगापूर. कारण आयपी कुठला हे साइटी कुणाच्या तरी यादीवरून ठरवतात आणि सगळ्या याद्या जुळत नाहीत. पिंग मारला, म्हणजे व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते बघितलं, तर बिंग फुटतं, बडोद्याहून मुंबईला जेमतेम १०-२० मिलिसेकंद लागावेत तिथे त्याला ७० च्या वर लागत होते. परदेशातून न उघडणारं पोर्टल मग त्याला आत कसं घेणार.

कॅप्चा पुन्हापुन्हा येतो ते दुखणं वेगळं. टिक केल्यावर साइट ब्राउजरमध्ये एक कुकी ठेवते, काही ठिकाणी तिचं नाव cf_clearance असतं, आणि ती बहुतेक वेळा त्या आयपीशी जुळावी लागते. मध्येच व्हीपीएन तुटून दुसऱ्या आयपीवर जोडला गेला, किंवा आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपीची, वाट व्हीपीएनबाहेरून गेली, की साइटला तुम्ही नवेच वाटता आणि परत सिग्नल नि झेब्रा क्रॉसिंग शोधत बसा. कुकी अडवणारं एक्स्टेन्शन असलं तरी हेच होतं. म्हणून आधी सर्व्हर बदलणं थांबवा, आयपीव्ही६ चं लीक तपासा, मगच बाकीचं.

पैसे भरून स्वतंत्र आयपी घेतला तर दुसऱ्यांच्या करणीचा त्रास कमी होतो, पण तोही डेटासेंटरचाच, त्यामुळे तसे आयपी सरसकट अडवणाऱ्या बँका त्यालाही अडवतात. त्या मुलाने शेवटी स्प्लिट टनेलिंग लावून पोर्टल तेवढं व्हीपीएनच्या बाहेर काढलं.