तिमारपूरची भट्टी आणि ओला कचरा

दिल्लीतील तिमारपूर येथे 1987 साली डेन्मार्कच्या साहाय्याने कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज 300 टन कचरा जाळून 3.75 मेगावॉट वीज मिळावी अशी त्याची रचना होती, पण चाचणीचे अवघे 21 दिवस चालून तो बंद पडला. किलोमागे सुमारे 1,460 किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा येईल असे गृहीत धरून भट्टी आखलेली होती. प्रत्यक्षात आलेला कचरा 600 ते 700 किलोकॅलरीच देत होता.

ही तफावत कशी पडते ते एका साध्या हिशेबाने समजते. आपल्या शहरांतला न निवडलेला 100 किलो कचरा घेऊ आणि त्यात 50 किलो पाणी, 30 किलो माती, दगड, काच असे न जळणारे पदार्थ व 20 किलो कोरडे ज्वलनशील द्रव्य आहे असे मानू. ज्वलनशील भाग किलोमागे 4,500 किलोकॅलरी देतो असे धरले, तर एकूण 90,000 किलोकॅलरी उष्णता निघेल. पण प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 585 किलोकॅलरी लागतात, म्हणजे 29,000 किलोकॅलरी पाणी आटवण्यातच खर्ची पडतात. उरलेल्या 61,000 ला शंभराने भागले की किलोमागे 610 किलोकॅलरी हाती लागतात. आता 20 किलो माती चाळून काढली आणि 20 किलो पाणी निथळू दिले, तर राहिलेल्या 60 किलोंचे उष्णतामूल्य किलोमागे 1,200 च्या आसपास जाते. दुप्पट झाले, तरी तिमारपूरच्या भट्टीला ते अपुरेच पडले असते. कमी पडणारी उष्णता कागद आणि प्लास्टिकमधून येऊ शकते. मात्र त्यातला चांगला माल कचरावेचकांनी आधीच भंगारात विकलेला असतो.

भट्टीत कचरा सरकत्या लोखंडी जाळीवरून पुढे जातो. जाळीच्या पहिल्या भागात तो वाळतो, मधल्या भागात पेटतो आणि शेवटी राख होऊन खाली पडतो. कचरा फार ओला असेल तर वाळण्याचा टप्पा लांबत जातो आणि अर्धवट जळलेला माल राखेत उतरतो. म्हणूनच राखेतील सेंद्रिय कार्बन 3 टक्क्यांपेक्षा कमी असावा, अशी अट 2016 च्या घनकचरा नियमांनी घातली. राखेत न जळलेल्या चिंध्या किंवा भाजीचे देठ दिसू लागले, तर प्रयोगशाळेत जाण्याआधीच भट्टीचे दुखणे कळते.

धुराचा प्रश्नही इथूनच सुरू होतो. जाळीवरून उठणारे वायू दुसऱ्या कक्षात किमान 950 अंश सेल्सिअसला निदान दोन सेकंद राहावेत, असेही 2016 च्या नियमांनी ठरवले. तेवढ्या उष्णतेत डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे मोडतात. ओल्या कचऱ्याचा लोंढा आला की तापमान घसरते आणि ते सावरण्यासाठी डिझेलचे बर्नर पेटवावे लागतात. अपुऱ्या ज्वलनाचा पहिला पुरावा म्हणजे धुरातील कार्बन मोनॉक्साइडची वाढ. शिवाय मोडलेली डायॉक्सिन्स पुन्हा जुळूही शकतात: वायू थंड होताना साधारण 450 ते 250 अंशांच्या पट्ट्यात राखेचे कण, क्लोरीन आणि तांब्याचे अंश एकत्र आले की ती नव्याने तयार होतात. त्यामुळे हा पट्टा झटकन ओलांडावा लागतो. पुढे चुना आम्लवायू शोषतो, सक्रिय कोळसा पारा व डायॉक्सिन धरून ठेवतो आणि कापडी पिशव्यांची गाळणी धूळ अडवते. गाळणीत साचलेली बारीक राख मात्र विषारी असते. हवेतून काढलेले विष नाहीसे होत नाही, त्याला सुरक्षित जागी पुरावेच लागते.

प्रकल्पांचे समर्थक म्हणतात की ही सारी यंत्रणा नीट चालली तर डायॉक्सिनची मर्यादा, म्हणजे घनमीटरमागे 0.1 नॅनोग्रॅम, पाळता येते. युरोपातील अनुभव पाहता हे खरे आहे. पण ‘नीट चालली तर’ या तीन शब्दांवरच वाद आहे, आणि यंत्रणा सदैव नीट चालते याची खात्री नसते, हा विरोधकांचा मुद्दा माझ्या मते येथे अधिक भक्कम ठरतो. कार्बन मोनॉक्साइड, धूळ आणि आम्लवायू चिमणीत सतत मोजले जातात. डायॉक्सिनसाठी मात्र काही तास धूर गोळा करून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तो निकाल फक्त त्या काही तासांच्या कचऱ्याचा असतो. उष्णतामूल्य वाढवण्यासाठी प्लास्टिक अधिक घातले, तर त्यातील पीव्हीसीबरोबर क्लोरीन वाढतो, आणि खनिज तेलापासून आलेला कार्बनही चिमणीतून बाहेर पडतो.

पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची योजना आहे. अशा प्रकल्पाचे आकडे वाचताना वार्षिक सरासरीपेक्षा जुलैमधला कार्बन मोनॉक्साइड आणि डिझेलचा खप आधी पाहावा, कारण मेमधल्या कोरड्या कचऱ्यावर चांगली चालणारी भट्टी पावसाने भिजलेल्या कचऱ्यावरही तशीच चालेल असे नसते.