दातातील भरण : कॉम्पोझिट रेझिन आणि ग्लास आयोनोमर

किडलेल्या किंवा झिजलेल्या दातातला खड्डा बुजवण्यासाठी दाताच्या रंगाची जी द्रव्ये वापरतात, त्यांत कॉम्पोझिट रेझिन आणि ग्लास आयोनोमर ही दोन प्रमुख. सांगली-मिरजेकडे पेशंटच्या तोंडी दोन्ही सिमेंटच असतात, फार तर एक ‘लाइटचे’ आणि दुसरे ‘साधे’. साहजिकच महाग ते चांगले असा हिशेब होतो. हा हिशेब बरेचदा चुकतो. खड्डा दातावर नेमका कुठे आहे आणि भरताना ती जागा कोरडी ठेवता येईल का, यावर निवड ठरते.

कॉम्पोझिट म्हणजे रेझिनमध्ये काचेची अतिबारीक पूड कालवलेले द्रव्य. त्यातल्या मुख्य रेझिनवर अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी 1962 मध्ये पेटंट घेतले. दाताला रेझिन धरून राहावे म्हणून आधी आम्ल लावायचे, ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्येच दाखवली होती. आजही पद्धत तीच आहे. साधारण 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल दाताच्या वरच्या कठीण पांढऱ्या आवरणावर, म्हणजे एनॅमलवर, पंधराएक सेकंद ठेवून धुतात. जागा सुकवल्यावर एनॅमल खडूसारखे पांढुरके दिसते. त्या खडबडीत पृष्ठभागात बाँडिंगचा, म्हणजे दात आणि भरण जोडणाऱ्या द्रवाचा, पातळ थर मुरतो आणि निळ्या प्रकाशाने घट्ट होतो. मग कॉम्पोझिट सुमारे दोन मिलिमीटरच्या थराथराने भरतात आणि प्रत्येक थरावर लाइट धरतात. थर जाड झाला तर प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही; वरून भरण कडक लागते आणि खाली कच्चे राहते.

हे द्रव्य मजबूत असते, त्याला छान चकाकी येते, रंग दाताशी मिळवता येतो आणि दाढेचा चावण्याचा जोर ते सोसते. मात्र घट्ट होताना ते आकसते, आणि आकसताना जिथे पकड कमजोर असेल तिथे दाताच्या कडेपासून सुटते. एनॅमलवर पकड घट्ट असते. खालच्या पिवळसर डेंटिनवर ती तितकी भरवशाची नसते, आणि मधेच लाळ किंवा रक्त लागले तर जवळजवळ राहतच नाही. भरल्यावर काही दिवस थंड पाण्याने कळ येणे, काही महिन्यांनी कडेला तपकिरी रेघ दिसणे, ही पकड सुटल्याची नेहमीची लक्षणे.

ग्लास आयोनोमर लंडनमधील शासकीय रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी 1969 च्या सुमारास तयार केले. फ्लोराइडयुक्त काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचा चिकट द्रव एकत्र घोटला की ते आपोआप घट्ट होते, लाइटची गरज नसते. त्यातले आम्ल दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करते, त्यामुळे वेगळे बाँडिंग लागत नाही आणि किंचित ओल चालते. ते हळूहळू फ्लोराइड सोडते. या फ्लोराइडची जाहिरात जरा जास्तच होते: पहिल्या एकदोन दिवसांत ते भरपूर सुटते, नंतर झपाट्याने कमी होते, आणि केवळ त्याच्या जोरावर दात पुन्हा किडणार नाही असे कुणी सांगू नये. खरी उणीव ताकदीची आहे. ग्लास आयोनोमर ठिसूळ असते, लवकर झिजते आणि दोन दाढांच्या फटीतल्या मोठ्या खड्ड्यात दाबाखाली फुटते.

दोन्हींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो मिश्रीने झिजलेल्या दातांवर. जिल्ह्यातल्या खेड्यांत भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांवर घासण्याची सवय, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये, अजून टिकून आहे. तासगाव तालुक्यातली पंचावन्नच्या घरातली एखादी बाई समजू. वरचा सुळा आणि मागच्या उपदाढा हिरडीलगत पाचरीसारख्या कातरल्या गेल्या आहेत. हिरडी मागे सरकली आहे आणि खाचेचा तळ गडद, गुळगुळीत, काचेसारखा चकचकीत आहे. गार पाणी लागले की कळ येते. शेजारच्या दाढेच्या चावण्याच्या बाजूला किडीचा लहान खड्डाही आहे.

या खाचेची एक कड एनॅमलवर असली तरी दुसरी मुळाच्या डेंटिनवर असते. वर्षानुवर्षे घासून कठीण झालेल्या त्या चकचकीत डेंटिनमध्ये आम्ल नीट शिरत नाही, आणि सुजलेल्या हिरडीतून ओल झिरपत राहते. कॉम्पोझिटला नको असलेल्या सगळ्या गोष्टी इथे एकत्र येतात. प्रयोगशाळेत ओढून पाहिले तर ग्लास आयोनोमरची पकड कॉम्पोझिटपेक्षा बरीच कमी भरते. तरीही तोंडात, याच प्रकारच्या खाचांमध्ये, ते जागेवर टिकून राहण्यात सरस ठरले आहे. त्याचे आकसणे हळूहळू होते आणि गरम-थंडाने होणारे प्रसरण दाताच्या जवळपास असते, त्यामुळे जोडावर ताण कमी येतो.

अशी खाच भरताना ड्रिल फारसे लागत नाही. आधी प्युमिस या घासायच्या पुडीने मिश्रीचा थर साफ करतात, मग हिरडीच्या कडेत बारीक दोरा बसवून ओल थोपवतात. सौम्य पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल दहा ते वीस सेकंद लावून धुतात आणि कापसाने टिपतात. हवेने खडखडीत सुकवत नाहीत. पूड आणि द्रव कंपनीने दिलेल्या मापातच घ्यावे लागतात. पसरायला सोपे जावे म्हणून द्रव वाढवला की भरण कमकुवत होते, आणि घाईच्या दवाखान्यात नेमके हेच घडते. मिश्रणावर ओली चमक आहे तोवरच ते दातावर ठेवायचे. चमक गेली म्हणजे दाताशी बंध करणारे आम्ल संपत आले, मग ते फेकून नवे घोटावे. भरल्यावर लगेच व्हार्निश किंवा व्हॅसलिनचा लेप देतात, कारण पहिल्या काही तासांत लाळेने ते विरघळते आणि कोरडे पडले तर त्याला बारीक तडे जातात. शेवटची घासाई-पॉलिश दुसऱ्या दिवशी करणे उत्तम.

त्याच बाईच्या दाढेतल्या खड्ड्याला मात्र कॉम्पोझिट. तिथे चारही बाजूंनी एनॅमलची कड आहे, लाळ थोपवणारा रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, बसतो, आणि भाकरी चावताना येणारा दाब साधे ग्लास आयोनोमर फार काळ सोसणार नाही. एकाच बैठकीत एका तोंडात दोन द्रव्ये वापरण्यात काही विसंगती नाही. मिश्री सुटली नाही तर दोन्ही झिजतील; तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर त्याहून मोठा.

रेझिन मिसळलेले, लाइटने घट्ट होणारे ग्लास आयोनोमरही मिळते. ते साध्यापेक्षा मजबूत असते आणि दिसायलाही बरे, म्हणून हसताना दिसणाऱ्या सुळ्याच्या खाचेला अनेक डॉक्टर तेच घेतात. जिथे खड्डा खोल आणि त्याची खालची कड हिरडीजवळ असते, तिथे तळाला ग्लास आयोनोमर आणि वर कॉम्पोझिट असे दोन थर देता येतात. आधी नुसत्या ग्लास आयोनोमरने भरलेली जागा काही वर्षांनी खरबरीत झाली, पण कडा शाबूत असल्या, तर सगळे उकरण्याऐवजी वरचा दीड-दोन मिलिमीटरचा थर काढून त्याजागी कॉम्पोझिट बसवतात. कडेला दात तपासायची टोकदार सळई, म्हणजे प्रोब, अडकत असेल किंवा खालून मऊ डेंटिन लागत असेल, तर मात्र ते भरण पूर्ण काढावेच लागते.