गँट आलेख (प्रक्रिया नियोजनातील)

संगणकाच्या प्रक्रियकावर (सीपीयू) कोणती प्रक्रिया केव्हापासून केव्हापर्यंत चालली हे काळाच्या आडव्या पट्टीवर दाखवणारा आलेख. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात नियोजनाच्या पद्धती, म्हणजे शेड्यूलिंग अल्गोरिदम, एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी तो काढतात. विद्यार्थी त्याला सरसकट ‘गँट चार्ट’ म्हणतात.

नावाचा उगम : हे नाव अमेरिकन यांत्रिकी अभियंता हेन्री लॉरेन्स गँट (१८६१–१९१९) यांच्यावरून पडले. त्यांचे आलेख साधारणपणे १९१० ते १९१५ या काळातले मानले जातात आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचा अमेरिकेत बराच वापर झाला. मात्र पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तशाच धर्तीचा आलेख तयार केला होता. तो पोलिशबाहेरच्या वाचकांपर्यंत उशिरा पोहोचला, म्हणून श्रेय गँट यांच्याकडे गेले, असे काही अभ्यासक मानतात. त्याही आधी, १७६५ मध्ये, जोसेफ प्रीस्टली यांनी प्रसिद्ध व्यक्तींची आयुष्ये काळाच्या अक्षावर रेषांनी दाखवली होती. तेव्हा ‘लांबी म्हणजे काळ’ ही मूळ कल्पना या दोघांपैकी कोणाचीच नाही. गँट यांच्या कारखान्यातील आलेखांत योजलेले काम आणि प्रत्यक्षात झालेले काम यांची तुलना असे. वर्गातल्या आलेखात ती नसते. तरीही यंत्रागणिक एक ओळ आणि तीत कामांचे तुकडे ही रचना गँट यांच्या यंत्रनोंदींशी जुळते. येथे यंत्र एकच, म्हणून ओळही एकच. त्यामुळे प्रचलित नाव अगदीच गैरलागू म्हणता येत नाही.

उदाहरण : पुढील चार प्रक्रिया घेऊ. ‘क’ शून्याव्या क्षणी येते आणि तिला ५ एकके प्रक्रियक लागतो (बर्स्ट टाइम). ‘ख’ १ वाजता येते, तिला ३ लागतात. ‘ग’ २ वाजता, तिला १. ‘घ’ ४ वाजता, तिला २. एकूण काम ११ एककांचे. प्रक्रियक मध्ये कुठेच रिकामा राहत नाही, म्हणून कोणत्याही पद्धतीत पट्टी ११ वरच संपली पाहिजे. न संपल्यास आलेख चुकला आहे.

आलेल्या क्रमाने (एफसीएफएस) काम दिल्यास क, ख, ग, घ असा साधा क्रम लागतो. शेवटच्या क्षणातून आगमनाचा क्षण आणि स्वतःचे काम वजा केले की प्रतीक्षाकाल (वेटिंग टाइम) मिळतो : ०, ४, ६ आणि ५, सरासरी ३.७५. एका एककाचे काम असलेल्या ‘ग’ला सहा एकके ताटकळावे लागते. मोठ्या कामामागे छोटी कामे अडकण्याच्या या प्रकाराला ‘कॉन्व्हॉय इफेक्ट’ म्हणतात. सर्वांत लहान काम आधी (एसजेएफ) ही पद्धत मध्ये न तोडता वापरली तर ५ व्या क्षणी ग, मग घ आणि शेवटी ख, अशी निवड होते आणि सरासरी ३ वर येते. पहिली पाच एकके मात्र ‘क’कडेच राहतात, कारण शून्याव्या क्षणी दुसरे कोणी आलेलेच नव्हते.

याच पद्धतीत चालू काम तोडण्याची मुभा दिली (एसआरटीएफ) की प्रत्येक आगमनाच्या क्षणी उरलेले काम पुन्हा ताडावे लागते. १ वाजता ‘क’चे ४ उरलेले, ‘ख’चे ३, म्हणून ‘ख’ येते. २ वाजता ‘ख’चे २, ‘ग’चे १, म्हणून ‘ग’. ४ वाजता ‘घ’ २ घेऊन येते, पण ‘ख’चे १ च उरलेले असल्याने बदल होत नाही.

```
| क | ख | ग | ख | घ | क |
०   १   २   ३   ५   ७   ११
```

प्रतीक्षा ६, १, ० आणि १, सरासरी २. पडताळा दुसऱ्या बाजूनेही घेता येतो : प्रत्येक एककात रांगेत किती जण उभे होते ते मोजून बेरीज करावी. १ ते २ मध्ये एक, २ ते ३ मध्ये दोन, ३ ते ४ मध्ये एक, ४ ते ५ मध्ये दोन, ५ ते ७ मध्ये दर एककास एक. एकूण ८, आणि ८ भागिले ४ म्हणजे पुन्हा २. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर चूक बहुधा तुटलेल्या प्रक्रियेच्या हिशेबात असते. तिच्या पहिल्या तुकड्यापूर्वीची प्रतीक्षा तेवढी मोजून मधली विसरली जाते.

सर्व कामे एकदमच हजर असतील तर लहान काम आधी घेतल्याने सरासरी प्रतीक्षा सर्वांत कमी होते, याची सिद्धता साधी आहे. शेजारच्या दोन कामांपैकी मोठे पुढे असेल तर त्यांची अदलाबदल केल्याने बेरीज घटतेच. हा विचार १९५६ मध्ये डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी कारखान्यातील कामांच्या संदर्भात मांडला. वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या कामांसाठी उरलेल्या कामाच्या नियमाची इष्टतमता लायनस श्रागे यांनी १९६८ मध्ये दाखवली.

आवर्ती पद्धतीतील संदिग्धता : आळीपाळीने ठरावीक वेळ देण्याच्या पद्धतीत (राउंड रॉबिन) वरच्याच प्रक्रियांना २ एककांचा हिस्सा (क्वांटम) दिल्यास एक अडचण येते. २ वाजता ‘क’चा हिस्सा संपतो आणि नेमकी त्याच क्षणी ‘ग’ येते. रांगेत आधी कोण उभे राहणार? नव्याने आलेल्यास आधी उभे केले तर आलेख असा :

```
| क | ख | ग | क | घ | ख | क |
०   २   ४   ५   ७   ९   १०  ११
```

प्रतीक्षा ६, ६, २, ३, सरासरी ४.२५. हिस्सा संपलेल्यास आधी उभे केले तर :

```
| क | ख | क | ग | ख | घ | क |
०   २   ४   ६   ७   ८   १०  ११
```

आता प्रतीक्षा ६, ४, ४, ४ आणि सरासरी ४.५. चूक दोन्हीकडे नाही. फक्त संकेत वेगळा आहे. नव्यास आधी घेण्याचा संकेत अधिक रूढ दिसतो आणि तो स्वीकारणे सोयीचे आहे, परंतु आलेखाच्या डोक्यावर तो लिहून ठेवावा. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे न जुळण्यामागे गणितापेक्षा हाच न सांगितलेला नियम बऱ्याचदा असतो.

सरासरी प्रतीक्षेत ही पद्धत येथे सर्वांत मागे पडते, अगदी आलेल्या क्रमाच्याही मागे. तिची बाजू दिसते ती प्रतिसादकालात (रिस्पॉन्स टाइम), म्हणजे आगमनापासून पहिल्यांदा प्रक्रियक मिळेपर्यंतच्या काळात : पहिल्या संकेताने ०, १, २, ३, सरासरी १.५, आलेल्या क्रमाच्या पद्धतीत तीच ३.७५. या उदाहरणात उरलेल्या कामाची पद्धत मात्र याही बाबतीत पुढे आहे (०.२५). ती प्रत्यक्षात सर्रास का वापरली जात नाही, हे आलेखातून कळत नाही, कारण बर्स्ट टाइम आधीच ठाऊक आहे हे आलेखाने गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष यंत्रणेला तो मागील वर्तनावरून अदमासानेच ठरवावा लागतो. शिवाय छोटी कामे येतच राहिली तर मोठ्या कामाची पाळी येत नाही. अकरा एककांच्या पट्टीत ही उपासमार दिसायला जागाच नसते.

प्रक्रिया बदलण्याचा खर्च (कॉन्टेक्स्ट स्विच) वरच्या आलेखांत शून्य धरला आहे. तो धरायचा झाल्यास तुकड्यांमध्ये वेगळी पट्टी काढतात. तेव्हा सहा बदलांची आवर्ती पद्धत तीन बदलांच्या आलेल्या क्रमापुढे आणखी मागे पडते, आणि पट्टी ११ वर संपण्याचा वरचा पडताळाही लागू राहत नाही.