गॅसअभावी अडकलेली शिल्लक

वॉलेटमध्ये टोकन आहेत, पण व्यवहाराचे शुल्क ज्या चलनात भरायचे ते मूळ चलन नाही, म्हणून टोकन पाठवता येत नाहीत, अशी ब्लॉकचेनवरील स्थिती. हे शुल्क ‘गॅस’ या कामाच्या एककावर मोजतात: लागलेला गॅस गुणिले त्याचा दर. ट्रॉन या ब्लॉकचेनवर ट्रॉनिक्स या तिच्या मूळ चलनाअभावी हेच घडते. येथे इथेरियमचा विचार केला आहे.

टोकनची शिल्लक वॉलेटात नसतेच. ती त्या टोकनच्या करारातील, म्हणजे ब्लॉकचेनवरील प्रोग्रॅममधील, नोंदवहीत असते, आणि नेटवर्कच्या दृष्टीने ती नोंद म्हणजे इतर कोणत्याही माहितीसारखी माहिती. शुल्क मात्र ईथर या मूळ चलनातच कापले जाते. त्यामुळे यूएसडीटी हे टोकन 500 असलेल्याला त्यातूनच शुल्क वळते करा, असे सांगता येत नाही.

व्यवहार स्वीकारण्यापूर्वी नोड, म्हणजे नेटवर्कमधील संगणक, प्रत्यक्ष खर्च पाहत नाही. गॅसची कमाल मर्यादा गुणिले कमाल दर एवढे ईथर खात्यात आहे का, ते पाहतो. समजा मर्यादा 65,000 आणि कमाल दर 20 ग्वेई आहे; ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग, म्हणून 0.0013 ईथर हवे. खात्यात 0.0010 आहे. प्रत्यक्षात 50,000 गॅस 13 ग्वेईने लागून 0.00065 ईथरच खर्च झाले असते, तरी पुढील उत्तर येते:

```
insufficient funds for gas * price + value
```

कमाल दर 15 ग्वेईवर आणला, तर गरज 0.000975 ईथरवर येते आणि तोच व्यवहार सुटतो. मर्यादा मात्र फार कापू नये. गॅस मध्येच संपला तर टोकन जागेवर राहतात, पण तोवरचे शुल्क जाते. घेणाऱ्याकडे ते टोकन आधी शून्य असेल, तर त्याची नवी नोंद करायला सुमारे 17,000 गॅस जास्त लागतो.

शुल्क दुसऱ्याने भरावे, ही कल्पना नेमकी कोणाची हे ठरवणे अवघड आहे. 2017 च्या सुमारास मांडलेला ‘ईआयपी-86’ हा इथेरियम-सुधारणेचा प्रस्ताव तिचा पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘ईआरसी-4337’ मार्च 2023 मध्ये वापरात आले, पण त्यासाठी खातेच करार-स्वरूपाचे लागे. मे 2025 च्या पेक्ट्रा सुधारणेतील ‘ईआयपी-7702’ने साध्या खात्यालाही ती सोय दिली. त्याआधीचा मार्ग म्हणजे टोकन हलवण्याची परवानगी सहीने देणे आणि व्यवहार दुसऱ्याने शुल्क भरून पाठवणे. मात्र ही सोय टोकनच्या करारातच असावी लागते. इथेरियमवरील यूएसडीसी या टोकनात ती आहे, यूएसडीटीच्या जुन्या करारात नाही. एरवी बाहेरून थोडे ईथर मागवणे हाच सोपा उपाय.

याच अडचणीवर एक फसवणूक उभी आहे. भामटा यूएसडीटी असलेल्या ट्रॉन वॉलेटचे गुप्त शब्द ‘चुकून’ उघड करतो. लोभाने कोणी शुल्कापुरते ट्रॉनिक्स भरले, की बॉट ते लगेच उचलतो. खात्याचा सहीचा अधिकार आधीच दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेला असल्याने यूएसडीटी मात्र हलत नाहीत.