किल्लारीचा आकडा एक, पण धक्के गावागणिक वेगळे

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली आणि ‘४.५ तीव्रतेचा भूकंप’ ही बातमी थोड्याच वेळात सगळीकडे पोचली. या बातमीतला ‘तीव्रता’ हा शब्द चुकीच्या जागी पडला आहे. मराठी वर्तमानपत्रांत तो इतक्या वर्षांपासून तसाच पडत आला आहे की आता कुणाला खटकतही नाही. ४.५ ही त्या भूकंपाची महत्ता होती. तीव्रता वेगळी असते, आणि एका भूकंपाला एकच तीव्रता कधीच नसते. हिंगोलीत ती एक होती, नांदेडात दुसरी, आणखी लांबच्या गावात तिसरी.

हा फरक नीट समजायला मराठी माणसाला किल्लारीपेक्षा जवळचं उदाहरण नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची रात्र, पहाटेचे ३:५६. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला, महत्ता ६.२. सुमारे आठ हजार माणसं गेली. आता याच्याशेजारी दुसरा भूकंप ठेवू: २२ मे १९९७, जबलपूर, महत्ता ५.८. हाही मध्यरात्रीनंतर, माणसं घरात झोपलेली असताना झाला. तिथे दगावलेल्यांची संख्या चाळीसच्या आसपास राहिली.

महत्तेच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की सुटलेली ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ५.८ आणि ६.२ मध्ये फरक ०.४ चा, म्हणजे ऊर्जा साधारण चौपट. किल्लारीचा भूकंप जबलपूरच्या चौपट मोठा होता आणि माणसं सुमारे दोनशेपट गेली. महत्तेच्या आकड्याने हे कोडं सुटत नाही. ते सोडवायला उरलेले तीन शब्द लागतात: नाभी, अपिकेंद्र आणि तीव्रता.

महत्ता म्हणजे जमिनीखाली किती मोठी घटना घडली याचं माप. खडकातली एक भेग सरकते. सरकलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, सरकण्याचं अंतर आणि खडकाचा ताठपणा यांच्या गुणाकारावरून आजची महत्ता काढतात. ६.२ साठी दहा किलोमीटर लांब आणि तेवढाच खोलवर उतरलेला पृष्ठभाग अर्धा-पाऊण मीटर सरकला तर हिशेब जुळतो. हा आकडा भेगेचा असतो. पुण्यातून मोजा किंवा टोकियोतून, तो थोड्याफार फरकाने तोच येणार. रिश्टरने १९३५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी बनवलेली मूळ मोजपट्टी मोठ्या भूकंपांसाठी आता वापरात नाही, पण तिचं नाव बातम्यांतून गेलेलं नाही.

तीव्रता विचारते ते एवढंच: या ठिकाणी काय झालं? झोपलेले जागे झाले का, भांडी पडली का, भिंतीला चीर गेली की भिंतच कोसळली? भारतात यासाठी एमएसके नावाची १२ पायऱ्यांची मोजपट्टी वापरत आले आहेत. पाचव्या पायरीवर झोपलेले जागे होतात आणि टांगलेल्या वस्तू झुलतात. सहावीवर माणसं घाबरून बाहेर धावतात. आठवीवर कच्च्या दगडी भिंती कोसळायला लागतात. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या पट्ट्यात तीव्रता आठवर आणि काही ठिकाणी त्याहूनही वर गेली. लातूर शहर तिथून सुमारे ४० किलोमीटरवर, आणि तिथे तसा विध्वंस झाला नाही. भूकंप तोच, महत्ता तीच.

तीव्रता इतक्या झपाट्याने का उतरली, याचं उत्तर नाभीत आहे. भेग जिथून सरकायला सुरुवात होते तो जमिनीखालचा बिंदू म्हणजे नाभी, आणि तिच्या बरोबर डोक्यावरचा जमिनीवरचा बिंदू म्हणजे अपिकेंद्र. बातमीतला ‘केंद्रबिंदू’ बहुतेक वेळा अपिकेंद्रच असतो, कारण नकाशावर खूण करता येते ती त्याचीच. किल्लारीची नाभी जेमतेम दहा किलोमीटरवर होती, आणि सरकलेली भेग इतकी वर आली की जवळच्या शेतांत जमीन उचलली गेल्याच्या खुणा दिसल्या. जबलपूरची नाभी सुमारे ३६ किलोमीटर खोल होती.

हा काटकोन त्रिकोणाचा साधा हिशेब आहे. किल्लारीत अपिकेंद्रावर राहणारा माणूस नाभीपासून १० किलोमीटरवर होता. तिथून जमिनीवरून ३० किलोमीटर लांब गेलेला माणूस नाभीपासून जवळपास ३२ किलोमीटरवर, म्हणजे तिप्पट लांब. जबलपुरात अपिकेंद्रावरचाच माणूस नाभीपासून ३६ किलोमीटरवर होता, आणि ३० किलोमीटर दूर गेल्यावर ते अंतर ४७ होतं. उथळ भूकंप थोड्या गावांवर सगळा जोर काढतो. खोल भूकंप तो जोर मोठ्या मुलखावर पसरवतो, म्हणून तो लांबवर जाणवतो पण डोक्यावरच्या गावाला तेवढा भाजत नाही.

खोलीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. अपिकेंद्र शोधणं तुलनेने सोपं आहे. आधी पोचणाऱ्या प्राथमिक लहरी आणि मागून येणाऱ्या दुय्यम लहरी यांच्यातलं सेकंदांचं अंतर घ्यायचं, त्याला ढोबळमानाने आठने गुणायचं, की भूकंपमापन केंद्रापासूनचे किलोमीटर मिळतात. अशा तीन-चार केंद्रांवरून वर्तुळं काढली की ती एका जागी छेदतात. खोली मात्र जवळपास मापन केंद्र नसेल तर नीट हाती लागत नाही. अशा वेळी गणितात ती १० किलोमीटर धरून ठेवतात. त्यामुळे बातमीत ‘खोली १० किलोमीटर’ वाचलं तर ते मोजलेलं असेलच असं समजू नये. अपिकेंद्रालाही फार चिकटून बसू नये. २०१५ साली नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ सुरू झाला, पण भेग पूर्वेकडे शंभरावर किलोमीटर फाटत गेली आणि सर्वाधिक माणसं काठमांडूच्या पलीकडच्या सिंधुपाल्चोकमध्ये गेली. भेग कुठून सुटली एवढंच अपिकेंद्र सांगतं. ती कुठवर गेली हे त्यातून कळत नाही.

परत किल्लारीकडे. जोर उथळ होता, पण तो ज्यांच्यावर आदळला ती घरंही तशीच होती. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराला दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती असत. बाहेरून आणि आतून दगडांचा एकेक थर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि सगळं बांधलेलं मातीत. वर लाकडी सरे आणि त्यांवर एक-दोन फूट मातीचा थर, उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडे. जमीन आडवी हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटून बाहेरच्या बाजूला फुगतात, मधली भर खाली बसते आणि पाचरीसारखी भिंत फाडते. मग टनावारी माती आत येते. ज्या घरांना खांबांची लाकडी चौकट होती, त्यांतल्या कित्येकांच्या भिंती पडल्या तरी माळवद खांबांवर उभं राहिलं. माझ्या मते किल्लारीतून शिकण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं. पण भूकंपानंतर लोकांच्या मनात भीती बसली ती दगडाचीच. खरा दोष दोन थर एकमेकांना न बांधण्यात होता.

ते बांधायचे कसे, हे भारतीय मानकात सरळ लिहिलेलं आहे. दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. दर ६०० मिलिमीटर उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारे दगड हवेत, एकमेकांपासून १.२ मीटरच्या आत. खिडक्या-दारांच्या वर सगळ्या भिंतींना वेढणारा अखंड काँक्रीटचा पट्टा हवा.

आता प्रश्न उरतो की कुठल्या गावाने किती तयारी करायची. इथे भूकंप-झोन येतात, आणि लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. झोन तीनमध्ये अमुक रिश्टरचा भूकंप होतो, असं झोन सांगत नाही. झोनची नाळ तीव्रतेशी आहे: झोन दोन म्हणजे सहा किंवा कमी, तीन म्हणजे सात, चार म्हणजे आठ, पाच म्हणजे नऊ आणि वर. १९९३ मध्ये किल्लारी झोन एकमध्ये होती, म्हणजे देशातल्या सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात, जिथे पाचच्या वर तीव्रता अपेक्षितच नव्हती. त्याआधी कोयनेने हेच दाखवलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या तिथल्या भूकंपानंतर नकाशा बदलला आणि कोयना परिसर झोन चारमध्ये गेला. नकाशाच्या २००२ च्या आवृत्तीत झोन एक पूर्ण काढून टाकला आणि लातूर-किल्लारीचा भाग तीनमध्ये गेला. त्या नकाशात मुंबई आणि पुणेही तीनमध्येच होते.

नकाशावरचा रंग इमारतीत कसा उतरतो ते २०१६ च्या मानकाने पाहू. इमारतीच्या वजनाच्या किती हिस्सा आडवा रेटा धरायचा तो `Ah`, आणि त्याचं सूत्र असं:

```
Ah = (Z/2) × (I/R) × (Sa/g)
```

`Z` झोनचा गुणक: दोनसाठी ०.१०, तीनसाठी ०.१६, चारसाठी ०.२४, पाचसाठी ०.३६. `I` इमारतीच्या महत्त्वाचा, साध्या घराला १ आणि शाळेला १.५. `R` चौकट किती वाकून तग धरू शकते याचा, नीट बांधलेल्या काँक्रीटच्या चौकटीला ५. `Sa/g` जमिनीचं हलणं इमारतीत किती वाढतं याचा, बुटक्या इमारतीसाठी २.५. लातुरातलं दोन मजली घर घेऊ, वजन २०० टन. ०.०८ गुणिले १/५ गुणिले २.५ म्हणजे ०.०४. म्हणजे घराला आडवा ८ टनांचा रेटा सोसता आला पाहिजे. हेच घर भूजला, झोन पाचमध्ये, बांधलं तर १८ टन. लातुरात त्याच वजनाची शाळा असेल तर १२.

या हिशेबातला ५ फार मोलाचा आहे. त्याने न भागता लातूरचा रेटा ४० टन निघतो. आपण ८ टनांसाठी बांधतो आणि उरलेलं चौकटीच्या वाकण्यावर सोडतो. चौकट वाकेल, तडे जातील, पण तुटणार नाही, हा त्यामागचा करार आहे. अहमदाबादेत तो मोडला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाचं अपिकेंद्र तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब होतं, तीव्रता सातच्या आसपास, म्हणजे झोन तीनने धरलेलीच. तरीही अनेक मजली इमारती बसल्या. बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, वर भिंती आणि खाली नुसते कॉलम, त्यामुळे सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या वाट्याला आलं.

करार पाळायचा तर कॉलममधल्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा पाहाव्या लागतात. झोन तीनपासून वर कॉलमच्या टोकांजवळ, बीम जिथे मिळतो तिथे, त्या एकमेकींपासून १०० मिलिमीटरपेक्षा लांब असू नयेत, म्हणजे चार इंच. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घुसलेली हवीत. ९० अंशांत वळवलेलं टोक बाहेरचं काँक्रीट सुटताच उघडतं आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. साइटवर हे टोक सर्रास ९० चंच दिसतं, कारण वळवायला सोपं जातं. लातूर असो की पुणे, घर बांधत असाल तर कॉलमची पेटी बसवण्याआधी जाऊन ही टोकं पाहा आणि टेप लावून अंतर मोजा. काँक्रीट ओतल्यावर ते दिसत नाही.