संयुग्मी गुणाकारातून अदिश व सदिश गुणाकार

प्रतलातील (a, b) हा सदिश z = a + ib आणि (c, d) हा सदिश w = c + id असा संमिश्र संख्येच्या रूपात लिहिला, तर पहिल्या संख्येची संयुग्मी घेऊन केलेला गुणाकार असा येतो:

z̄w = (ac + bd) + i(ad − bc)

यातला वास्तव भाग म्हणजे दोन सदिशांचा अदिश गुणाकार. कल्पित भाग म्हणजे सदिश गुणाकाराचा प्रतलाला लंब असलेला घटक, तोही चिन्हासकट.

हे घडते कोनांमुळे. संमिश्र संख्या गुणल्या की त्यांचे कोन मिळवले जातात. संयुग्मी घेतल्याने z चा कोन θ उलटून −θ होतो, म्हणून w चा कोन φ असेल तर गुणाकाराचा कोन φ − θ, म्हणजे z पासून w पर्यंतचे वळण, एवढाच उरतो. लांबी |z||w| असते. तिचा cos पट भाग वास्तव अक्षावर आणि sin पट भाग कल्पित अक्षावर पडतो.

A(1, 1), B(5, 2), C(3, 6) हा त्रिकोण घ्या. AB साठी 4 + i आणि AC साठी 2 + 5i मिळते.

(4 − i)(2 + 5i) = 8 + 20i − 2i + 5 = 13 + 18i

अदिश गुणाकार 13 धन आहे, म्हणून A पाशी लघुकोन आहे. त्याचे tan 18/13, म्हणजे कोन सुमारे 54.2°. 18 हे दोन बाजूंवरील समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ, त्यामुळे त्रिकोणाचे 9. चिन्ह धन असल्याने A, B, C हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेने जातो. पडताळा हवा असेल तर 13² + 18² = 493 आणि AB व AC यांच्या लांबींच्या वर्गांचा गुणाकार 17 × 29 सुद्धा 493. पायथनमध्ये हेच असे:

```
(4+1j).conjugate() * (2+5j)   # (13+18j)
```

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे संयुग्मी घ्यायचे विसरणे. मग कोनांच्या वजाबाकीऐवजी बेरीज होते आणि उत्तर 3 + 22i असे येते, जे दिसायला काही वावगे वाटत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: सदिशाचा स्वतःशीच गुणाकार करून पाहावा. कल्पित भाग शून्य आला नाही, तर संयुग्मी घ्यायची राहिली आहे. दुसऱ्याच संख्येची संयुग्मी घेतली तर मात्र ही खूण फसते, कारण अदिश गुणाकार तोच राहतो आणि फक्त 18 चे −18 होते. संगणकाच्या पडद्यावर y अक्ष बहुधा खाली वाढतो. तिथे धन चिन्ह डोळ्यांना घड्याळाच्या दिशेने दिसते.

ही युक्ती प्रतलापुरतीच चालते. तीन मितींसाठी हॅमिल्टनने 1843 मध्ये चार घटकांच्या संख्या, म्हणजे क्वाटर्निअन, मांडल्या. वास्तव भाग नसलेल्या अशा दोन संख्यांच्या गुणाकारात अदिश गुणाकार ऋण चिन्हाने आणि सदिश गुणाकार पूर्ण तिन्ही घटकांसह एकत्र येतात. पुढे गिब्ज आणि हेविसाइड यांनी ते दोन वेगळे केले. पाठ्यपुस्तकात आज ते सुटे शिकवले जातात ते त्यामुळे.