पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत एकच शंका: शूटआधी हे वाचून घ्या

पंधरा सेकंदांत निवांत बोललेले मराठी तीस-पस्तीस शब्द बसतात. तरी एडिट झाल्यावर दुकानातून आम्हाला फोन येतोच: "मालकांचा फोटो टाका, दोन शाखा सांगा, सणाची सूटही येऊ द्या." मग आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो, चित्रं पुन्हा कापावी लागतात आणि तुमची जाहिरात लांबणीवर पडते. एवढं करून गिऱ्हाईक ज्या कारणाने परत जातं, ते कारण जाहिरातीत येतच नाही.

पैठणच्या साडी दुकानाचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक म्हणतं, "पैठणी एवढी महाग?" पण भाव ऐकून त्याच्या मनात खरी शंका येते ती ही हातमागावरचीच कशावरून, अशी. अशा वेळी "दहा टक्के सूट" लिहिलं, तर भाव आधी फुगवलाच होता असं त्याला वाटतं.

अशी जाहिरात आम्ही या पद्धतीने करतो. पहिल्या तीन सेकंदांत गिऱ्हाइकाचाच प्रश्न, त्याच्याच शब्दांत आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. पुढची आठ सेकंदं दोन साड्या शेजारी ठेवून पदर उलटायचा. इथे मध्ये कट नाही. कट दिसला की साडी बदलली असं वाटतं. त्यावर आवाज: "पदर उलटा करून बघा. यंत्रावरच्या पैठणीत मागे धागे लोंबतात. हातमागावरची दोन्ही बाजूंनी सारखीच. एकएक मोर हाताने विणलेला." उरलेल्या चार सेकंदांत: "दुकानात या, स्वतः उलटून बघा, मग भाव विचारा."

पत्ता आणि नंबर बोलत नाही. ते जाहिरातीच्या बटणावर असतात. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर खालच्या भागात बटण आणि मजकूर येतो, म्हणून तिथे आम्ही अक्षरं ठेवत नाही. "नाव खाली का नाही?" याचं उत्तर हेच.

पदर उलटून विणकाम कळतं. रेशीम किंवा जर किती अस्सल, ते कळत नाही. त्यामुळे या चित्रांवर "शुद्ध जर" लिहा म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. रेशमाची शंका असेल तर सिल्क मार्कचं लेबल जवळून दाखवणारी वेगळी जाहिरात करू. दोन्हींचं शूट एकाच दिवशी आटोपलं, तर दुसरीला फक्त एडिटिंगचे पैसे लागतात.

आमच्याकडे येताना एक वाक्य लिहून आणा: न घेता परतणारं गिऱ्हाईक पायरी उतरताना काय म्हणतं ते, त्याच्याच बोलीत. काउंटरवरच्या मुलाला विचारा, त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. स्क्रिप्टवर तुमची सही झाली की शूट. त्यानंतर शब्द वाढवायचे असतील तर रेकॉर्डिंगचं बिल वेगळं लागेल.